फिल्टर आणि इरॅडिएशन: एकाच्या जागी दुसरं का चालत नाही

प्रश्न: माझ्या धाकट्या भावाला (वय १९) अप्लास्टिक ॲनिमिया आहे. सध्या ठाण्यात ॲडमिट आहे, पुढे ट्रान्सप्लांटसाठी खारघरला दाखवलंय. डॉक्टर प्रत्येक फॉर्मवर 'ल्युकोरिड्यूस्ड आणि इरॅडिएटेड' लिहून देतात. ब्लड बँकवाले म्हणतात, फिल्टर आम्ही लावू, पण इरॅडिएशनला बॅग नवी मुंबईला न्यावी लागेल, अर्धा दिवस जाईल, पैसे वेगळे. नुसता फिल्टर लावून चालणार नाही का? आणि मी, आई, काका सगळे त्याच्याच ग्रुपचे आहोत, बी पॉझिटिव्ह. आमचं ताजं रक्त घेतलं तर हे सगळं टळेल ना?

उत्तर: नुसता फिल्टर चालणार नाही. आणि घरच्यांचं ताजं रक्त हे तुमच्या भावासाठी सगळ्यांत जास्त धोक्याचं रक्त आहे. मी बरीच वर्षं रक्तसंक्रमण विभागात काम करतोय आणि ठाणे, कळवा, ऐरोलीहून येणारे नातेवाईक जवळजवळ रोज हेच विचारतात. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

भावाला लागतात लाल पेशी आणि प्लेटलेट. तुमच्या हातात येणाऱ्या कागदांवर त्यांची नावं पीसीव्ही किंवा पीआरबीसी, आणि आरडीपी किंवा एसडीपी अशी असतात. पण दात्याच्या हातातून रक्त निघतं तेव्हा त्यात पांढऱ्या पेशीही येतात. सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून घटक वेगळे केले तरी त्या पूर्ण जात नाहीत. साध्या पीसीव्हीच्या बॅगेत अंदाजे शंभर कोटी किंवा त्याहूनही जास्त पांढऱ्या पेशी उरतात. भावाला त्यांचा काही उपयोग नाही आणि त्या दोन वेगवेगळ्या प्रकारे नुकसान करू शकतात. एक नुकसान फिल्टरने पांढऱ्या पेशी गाळून टळतं, अशा बॅगेलाच ल्युकोरिड्यूस्ड म्हणतात. दुसरं टळतं इरॅडिएशनने, म्हणजे बॅगेला किरणं देऊन. त्यामुळे एक केलं म्हणून दुसरं सोडता येत नाही.

आधी इरॅडिएशन कशासाठी ते सांगतो, कारण तुम्हाला तेच टाळावंसं वाटतंय.

पांढऱ्या पेशींमध्ये टी-लिम्फोसाइट नावाच्या पेशी असतात. परकं काय ते ओळखून त्याच्यावर हल्ला करणं हे त्यांचं काम. निरोगी माणसाला दुसऱ्याचं रक्त दिलं की त्याची प्रतिकारशक्ती या परक्या लिम्फोसाइटना काही दिवसांत संपवते आणि कुणाला पत्ताही लागत नाही. पण रुग्णाची प्रतिकारशक्ती औषधांनी किंवा आजाराने खाली गेलेली असेल, तर दात्याच्या लिम्फोसाइट मरत नाहीत. त्या रुग्णाच्या शरीरात मुक्काम करतात, वाढतात, आणि त्यांच्या दृष्टीने ते अख्खं शरीरच परकं असतं. मग त्या त्वचा, आतडी, यकृत आणि अस्थिमज्जा यांवर तुटून पडतात. याला टीए-जीव्हीएचडी म्हणतात, म्हणजे रक्त दिल्यामुळे झालेला ग्राफ्ट-व्हर्सस-होस्ट आजार.

याची सुरुवात रक्त चढवताना होत नाही, आणि घात तिथेच होतो. साधारण आठ-दहा दिवसांनी ताप येतो. मग छातीवर-पाठीवर लाल पुरळ उठून हातापायांपर्यंत पसरतं, जुलाब लागतात, कावीळ दिसू लागते. हे सगळं औषधाच्या ॲलर्जीसारखं किंवा इन्फेक्शनसारखं दिसतं, आणि आधीच आजारी असलेल्या मुलाला दोन्ही होऊ शकतं, म्हणून सुरुवातीचे दिवस त्या संशयात जातात. मग सगळ्या पेशींचे काउंट एकदम कोसळतात, कारण हल्ला मज्जेवरही असतो. ट्रान्सप्लांटनंतर होणाऱ्या जीव्हीएचडीत आणि यात हाच मोठा फरक आहे. तिथे मज्जा दात्याचीच असते, त्यामुळे ती वाचते. इथे मज्जा रुग्णाची, म्हणून ती रिकामी होते. तुमच्या भावाची मज्जा आधीच रिकामी आहे, त्यामुळे ही खूणसुद्धा त्याच्या बाबतीत कामाची नाही. काउंट पडलेले पाहून कुणालाही मूळ आजारच वाटेल. रुग्णाच्या रक्तात दात्याच्या पेशी सापडल्या तर निदान पक्कं होतं, पण तोवर बहुधा उशीर झालेला असतो. दहापैकी नऊहून जास्त रुग्ण यात दगावतात. खात्रीचा उपाय नाही. म्हणून सगळा भर तो होऊच न देण्यावर असतो.

आता घरच्यांचं रक्त. ही गोष्ट नीट समजून घ्या, कारण हा आग्रह प्रेमापोटी होतो आणि धोका थेट त्यातूनच येतो.

आपला परका ओळखण्यासाठी शरीर एचएलए नावाच्या खुणा पाहतं. प्रत्येकाकडे या खुणांचे दोन संच असतात, एक आईकडून आणि एक वडिलांकडून आलेला. समजा तुमच्या आईकडे क आणि ख हे संच आहेत, वडिलांकडे क आणि ग. दोघांकडे एक संच सारखा असणं आपल्याकडे अगदीच दुर्मीळ नाही. एकाच समाजात, मामाच्या किंवा आत्याच्या घरी लग्नं झालेली असली की त्याची शक्यता वाढते. आता एका मुलाला आईकडून ख आणि वडिलांकडून क मिळाला. दुसऱ्याला दोन्हीकडून क मिळाला. दुसऱ्याने पहिल्याला रक्त दिलं तर काय होईल? पहिल्याचं शरीर त्या लिम्फोसाइटकडे पाहतं, तिथे फक्त क दिसतो. क तर त्याच्याकडेही आहे, म्हणून ते त्यांना आपलंच समजून सोडून देतं. पण त्या लिम्फोसाइट त्याच्या शरीरावर ख पाहतात, तो त्यांच्या ओळखीचा नाही. हल्ला सुरू होतो, आणि परतवणारं कुणी नसतं.

लक्षात घ्या, या उदाहरणात रुग्णाची प्रतिकारशक्ती चांगली असली तरी फरक पडत नाही. जपानमध्ये हे फार दुःखद रीतीने कळलं. तिथल्या लोकांमध्ये एचएलएचे ठरावीक संच पुष्कळ जणांत सारखे आढळतात. हृदयाच्या ऑपरेशनला नातेवाइकांचं ताजं रक्त देण्याची पद्धत होती, आणि ऑपरेशन व्यवस्थित झालेले रुग्ण आठ-दहा दिवसांनी अंगभर लाली येऊन दगावत होते. १९९८ पासून त्यांनी रक्त सरसकट इरॅडिएट करायला घेतलं आणि २००० नंतर तिथे हा आजार जवळजवळ दिसेनासा झाला. जगभरातल्या ३४८ केसेस एकत्र करून २०१५ मध्ये एक आढावा छापून आला. त्यातल्या जवळपास निम्म्या रुग्णांमध्ये इरॅडिएशन सांगावं असं नेहमीचं कोणतंच कारण नव्हतं. आणि बहुतेकांना दिलेलं रक्त दहा दिवसांच्या आतलं होतं. फ्रीजमध्ये लिम्फोसाइट हळूहळू निकामी होत जातात, म्हणून ताज्या रक्तात त्या जास्त जोमात असतात. 'ताजं पाहिजे' हा आपल्याकडचा हट्ट या आजाराच्या बाबतीत उलटा पडतो.

तुमच्या घराला आणखी एक कारण लागू आहे. ट्रान्सप्लांटसाठी दाता शोधताना पहिली तपासणी सख्ख्या भावंडांची होते, म्हणजे तुमची. मॅच झालात तर मज्जा तुमचीच जाणार. तुमचं किंवा आईचं रक्त आधीच भावाला दिलं, तर त्याचं शरीर तुमच्याकडच्या बारीकसारीक खुणांविरुद्ध तयार होऊन बसतं आणि पुढे तुमची मज्जा नाकारू शकतं. अप्लास्टिक ॲनिमियात ग्राफ्ट नाकारला जाणं ही मोठी अडचण असते. आणि हा धोका इरॅडिएशननेही जात नाही. म्हणून ट्रान्सप्लांटची शक्यता आहे तोवर घरच्या रक्ताच्या नात्यातल्या कुणाचंही काहीही भावाला द्यायचं नाही. तुमचं रक्त वाया जाणार नाही. तुम्ही सगळ्यांनी ब्लड बँकेत दान करा, ते दुसऱ्या कुणाला जाईल आणि भावासाठी अनोळखी दात्याची बॅग मिळेल. दान करताना काउंटरवर स्पष्ट सांगा की हे भावाच्या नावावर लावू नका.

इरॅडिएशनमध्ये होतं काय? बॅग तशीच्या तशी एका धातूच्या डब्यात ठेवतात, डबा यंत्रात आत जातो आणि गॅमा किंवा एक्स-रे किरणं काही मिनिटं त्यातून जातात. मात्रा डब्याच्या मध्यभागी २५ ग्रे. कोपऱ्यात राहिलेल्या भागालाही किमान १५ ग्रे मिळालेच पाहिजेत, काही देशांत हा किमान आकडाही २५ च ठेवलाय. एवढ्या मात्रेत लिम्फोसाइटच्या डीएनएचे इतके तुकडे होतात की ती पुन्हा विभागू शकत नाही. जिवंत दिसते, पण वाढत नाही, म्हणून मुक्काम करू शकत नाही. लाल पेशी आणि प्लेटलेट यांना केंद्रकच नसतं, त्यांना विभागायचं नसतं, त्यामुळे त्यांचं काम चालू राहतं. बॅग किरणोत्सारी होत नाही. ती तुम्ही हातात घेतली, मांडीवर ठेवून रिक्षातून आणली, गरोदर बाईजवळ ठेवली, तरी काही होत नाही.

ही यंत्रं प्रत्येक ब्लड बँकेत का नसतात, तर गॅमा यंत्रात किरणोत्सारी स्रोत असतो. त्यासाठी अणुऊर्जा नियामक मंडळाची, म्हणजे एईआरबीची परवानगी, शिसाचं जड कवच, प्रशिक्षित माणसं आणि सुरक्षेची व्यवस्था लागते. आपल्या भागाचं नशीब चांगलं आहे. भारतात बनणारी कोबाल्ट-६० ची ब्लड इरॅडिएटर यंत्रं वाशीच्या ब्रिटने, अणुऊर्जा विभागाच्या विकिरण आणि समस्थानिक तंत्रज्ञान मंडळाने, तयार केलेली आहेत. अणुभट्टीच्या कचऱ्यातून वेगळं काढलेलं सीझियम-१३७ काचेत बांधून त्याच्या कांड्या या कामासाठी वापरण्याचं तंत्रही इथलंच, ट्रॉम्बे आणि वाशीचं. मला याचा मनापासून अभिमान आहे.

कोबाल्टच्या यंत्राची एक गोष्ट विचारण्यासारखी असते. कोबाल्ट-६० ची ताकद सव्वापाच वर्षांत निम्मी होते. आज २५ ग्रे द्यायला पाच मिनिटं लागत असतील तर तेव्हा दहा लागतील. म्हणजे महिन्याला साधारण एक टक्क्याने वेळ वाढवत न्यावी लागते. चांगल्या केंद्रात यंत्राशेजारी त्या महिन्याच्या वेळेचा तक्ता लावलेला असतो. तो तुम्ही तपासायची गरज नाही, पण एक गोष्ट तुम्ही स्वतः पाहू शकता. बॅगेवर एक लहान चौकोनी सूचक लेबल चिकटवतात. किरणं लागण्याआधी त्याच्या खिडकीत इंग्रजीत 'नॉट इरॅडिएटेड' दिसतं. पुरेशी मात्रा मिळाली की 'नॉट' हा शब्द काळा पडून झाकला जातो आणि 'इरॅडिएटेड' तेवढं उरतं. बॅग परत मिळाल्यावर खिडकी बघा. 'नॉट' अजून वाचता येत असेल, किंवा लेबलच नसेल, तर बॅग वॉर्डात नेऊ नका, तिथल्या तिथे विचारा. लेबल लावलंय एवढ्याने बॅग इरॅडिएट झाली असं होत नाही. गर्दीच्या दिवशी लेबल लावलेली बॅग यंत्रात न जाता परत ट्रेमध्ये आल्याचं मी पाहिलंय, आणि ती पकडली गेली ती त्या खिडकीमुळेच. बॅगेवर इरॅडिएशनची तारीख आणि नवी एक्सपायरीही लिहिलेली हवी.

नवी एक्सपायरी का, तर किरणांमुळे लाल पेशींच्या भिंती थोड्या कच्च्या होतात आणि आतलं पोटॅशियम बाहेर झिरपतं. म्हणून इरॅडिएट केलेली पीसीव्ही २८ दिवसांत किंवा तिच्या मूळ एक्सपायरीपर्यंत, जे आधी येईल तोवर वापरतात. एकोणीस वर्षांच्या मुलाला एखादी बॅग सावकाश देताना हे पोटॅशियम त्रास देत नाही. अगदी लहान बाळाला एक्सचेंज करताना, म्हणजे त्याचं रक्त बदलून टाकताना मात्र देऊ शकतं, म्हणून बाळांसाठी इरॅडिएशननंतर चोवीस तासांच्या आत वापरतात. प्लेटलेटची मुदत पाच दिवसांची असते, ती बदलत नाही. तुमच्यासाठी याचा अर्थ इतकाच की बॅग ज्या दिवशी चढवायची त्याच दिवशी किंवा आदल्या दिवशी इरॅडिएट करून घ्या, महिनाभराचा साठा करून ठेवू नका.

ठाण्याहून नवी मुंबईला बॅग नेताना होणारी सगळ्यांत मोठी चूक वेगळीच आहे. ठाणे-बेलापूर रोडवर दुपारी ट्रॅफिक असतो, उन्हाळा असतो, म्हणून नातेवाईक सगळ्या बॅगा एकाच बर्फाच्या डब्यात भरतात. लाल पेशींना थंडावा हवाच, दोन ते दहा अंशांपर्यंत, मात्र बर्फ बॅगेला थेट चिकटता कामा नये. पण प्लेटलेटला २० ते २४ अंश लागतात. थंडीत त्यांचा आकार बदलतो आणि चढवल्यावर शरीर त्यांना काही तासांत काढून टाकतं. काही महिन्यांपूर्वी माझ्यासमोर एका काकांनी एसडीपीची बॅग अशीच बर्फातून आणली. बॅग उजेडात धरून हलवली की चांगल्या प्लेटलेटमध्ये चमकदार भोवरे फिरताना दिसतात, त्या बॅगेत ते नव्हते. ती टाकून द्यावी लागली, आणि ज्याने ती द्यायला दीड-दोन तास यंत्राला हात लावून बसून काढले होते त्या दात्याचं दान गेलं. म्हणून दोन डबे न्या. एसडीपीचा डबा बिनबर्फाचा, एसी गाडीत नेता आला तर उत्तम, आणि परत आणल्याबरोबर ब्लड बँकेच्या हलत्या रॅकवर ठेवायला द्या.

आता फिल्टर. हा दुसऱ्या नुकसानीसाठी.

भावाला महिनोन्‌महिने प्लेटलेट लागणार आहेत. प्लेटलेटवरही एचएलएच्या खुणा असतात. पांढऱ्या पेशींच्या संगतीने या परक्या खुणा वारंवार आत गेल्या की शरीर त्यांच्याविरुद्ध अँटिबॉडी बनवतं. मग पुढच्या कोणत्याही दात्याची प्लेटलेट आत जाताच मारली जाते. हे कसं कळतं ते आकड्यांत सांगतो. समजा सकाळी भावाचा काउंट ८,००० आहे आणि एक एसडीपी दिली. बॅग संपल्यावर तासाभराने काढलेल्या काउंटमध्ये तो ३०,००० ते ४०,००० च्या घरात जायला हवा. तासाभराने ३५,००० आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा १०,००० असेल, तर बहुधा ताप, इन्फेक्शन, रक्तस्राव किंवा एखादं औषध प्लेटलेट खातंय. पण तासाभरानेच ९,००० असेल आणि दोनदा लागोपाठ असंच झालं, तर अँटिबॉडीचा संशय घ्यायचा. त्यानंतर एचएलए जुळणारा दाता शोधत फिरावं लागतं, आणि ते अत्यंत अवघड काम असतं. म्हणून डॉक्टरांना प्रत्येक वेळी दुसऱ्या दिवशीचा काउंट न पाहता मधून मधून तासाभराचा काढायला सांगा.

फिल्टरने हे किती टळतं? ल्युकेमियाच्या रुग्णांवर अमेरिकेत झालेला आणि १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेला ट्रॅप नावाचा मोठा अभ्यास आहे. साध्या प्लेटलेट मिळालेल्यांपैकी ४५ टक्क्यांमध्ये अशा अँटिबॉडी तयार झाल्या. पांढऱ्या पेशी काढलेल्या प्लेटलेट मिळालेल्यांत हा आकडा १७-१८ टक्क्यांवर आला. त्याशिवाय रक्त चढवताना येणारी हुडहुडी आणि ताप कमी होतो, आणि पांढऱ्या पेशींत दडून येणारा सीएमव्ही विषाणूही मोठ्या प्रमाणात गाळला जातो. आपल्याकडे बहुतेक प्रौढांना सीएमव्ही कधीतरी होऊन गेलेला असतो, तो न झालेला दाता शोधणं व्यवहारात जमत नाही, त्यामुळे फिल्टर हाच मार्ग उरतो.

चांगला फिल्टर त्या शंभर कोटींच्या जागी ५० लाखांहून कमी पांढऱ्या पेशी ठेवतो, युरोपात तर १० लाखांची मर्यादा आहे. अँटिबॉडी टाळायला हे पुरतं. पण मुक्काम करायला लिम्फोसाइट त्याहून जास्त लागतातच असं सांगता येत नाही, आणि फिल्टर केलेलं रक्त दिल्यावरही टीए-जीव्हीएचडी झालेल्या केसेस नोंदलेल्या आहेत. उलट बाजूने, इरॅडिएट केलेली पांढरी पेशी मरत नाही, फक्त वाढत नाही. तिच्यावरच्या खुणा शाबूत असतात, ती ताप आणू शकते, अँटिबॉडी बनवायला लावू शकते, आणि आतला विषाणूही पोचवू शकते. तुमच्या मूळ प्रश्नाचं उत्तर इथे आहे.

फिल्टर कधी लावला हेही विचारा. ब्लड बँकेत, रक्त घेतल्यावर पहिल्या दोन-तीन दिवसांत लावलेला फिल्टर सर्वांत चांगला. बॅग साठवून ठेवली की पांढऱ्या पेशी फुटतात, त्यांतून ताप आणणारी रसायनं बाहेर पडतात, आणि प्लेटलेट सामान्य तापमानाला ठेवत असल्याने तिथे हे जास्त होतं. मग चढवताना बेडशेजारी फिल्टर लावून पेशी अडतील, पण आधीच सुटलेली रसायनं आत जातीलच. बेडशेजारचाच फिल्टर मिळाला तर तो लाल पेशींचा आहे की प्लेटलेटचा हे पाकिटावर वाचा. लाल पेशींच्या फिल्टरमधून प्लेटलेट दिली तर प्लेटलेटच त्यात अडकून राहतात आणि नळीतून जवळजवळ नुसता प्लाझ्मा उतरतो. आणि 'बफी कोट काढलाय', म्हणजे पांढऱ्या पेशींचा थर वेगळा केलाय, एवढ्याने फिल्टर झालं असं नाही. त्याने सत्तर-ऐंशी टक्के पांढऱ्या पेशी जातात, तेवढं भावाला पुरत नाही.

दोन गोष्टी नातेवाइकांना माहीत नसतात. एक, हल्लीच्या बहुतेक एसडीपी यंत्रांतून निघालेली प्लेटलेट मुळातच ल्युकोरिड्यूस्ड असते. तिला पुन्हा फिल्टर लावून पैसे घालवू नका, बॅगेवर तसं छापलंय का ते बघा. दोन, कधी कधी ब्लड बँक सांगते की फिल्टर मध्येच चोंदला, बॅग पूर्ण गाळली गेली नाही. याचं एक ओळखीचं कारण म्हणजे दाता सिकलसेलचा वाहक असणं. दाता स्वतः ठणठणीत असतो, हिमोग्लोबिन चांगलं असतं, पण त्याच्या लाल पेशी फिल्टरच्या थंड आणि कमी ऑक्सिजनच्या वातावरणात कडक होऊन अडकतात. पालघर, जव्हार पट्ट्यातले आणि विदर्भातले दाते आपल्याकडे पुष्कळ येतात, त्यामुळे हे अधूनमधून होतं. अशी बॅग भावासाठी घेऊ नका, ब्लड बँक दुसरी देईल. आणि त्या दात्याला सिकलसेलची तपासणी करायला सांगितलं जातं, ते त्याच्याही घरासाठी चांगलं.

तुमच्या बाजूच्या बेडवर थॅलेसेमियाचा मुलगा असेल आणि त्याला फक्त फिल्टरची बॅग मिळत असेल, तर काही चुकत नाही. त्याची प्रतिकारशक्ती शाबूत आहे आणि दाता अनोळखी आहे, त्याला इरॅडिएशन लागत नाही, ट्रान्सप्लांट ठरेपर्यंत. इरॅडिएशन लागतं ते ट्रान्सप्लांट होणाऱ्यांना, एटीजी किंवा फ्लुडाराबिनसारखी औषधं घेणाऱ्यांना, हॉजकिन लिम्फोमाच्या रुग्णांना, जन्मजात टी-पेशींची कमतरता असलेल्या मुलांना, पोटातल्या बाळाला दिल्या जाणाऱ्या रक्ताला, आणि नातेवाइकाचं रक्त देण्यावाचून गत्यंतरच नसेल तेव्हा. एफएफपी आणि क्रायो या गोठवून वितळवलेल्या घटकांना लागत नाही. तिथे कुणी पैसे मागितले तर का ते विचारा.

एक प्रसंग मात्र आधीच ठरवून ठेवा. रात्री दोन वाजता भावाच्या नाकातून रक्त थांबत नाहीये, काउंट ३,००० आहे, आणि इरॅडिएट केलेली बॅग सकाळशिवाय मिळणार नाही. अशा वेळी बॅगेसाठी थांबून रक्तस्राव वाढू देणं हा जास्त मोठा धोका आहे. डॉक्टर फिल्टर केलेली, अनोळखी दात्याची प्लेटलेट देतील, आणि ते बरोबर असेल. लाल पेशी लागल्या तर १४ दिवसांहून जुनी बॅग मागा, तिच्यातल्या लिम्फोसाइट बऱ्याच निकामी झालेल्या असतात. त्या रात्रीसुद्धा काकांचं रक्त घेऊ नका. अशी बॅग दिली तर केस पेपरवर तारीख नोंदवून घ्या. पुढच्या महिनाभरात पुरळ आणि जुलाब दिसले, तर ती नोंद डॉक्टरांना लगेच उपयोगी पडेल.

आणि खारघरला शिफ्ट व्हाल तेव्हा, किंवा मध्येच घरी सोडतील तेव्हा, डिस्चार्ज कार्डावर रक्तगटाच्या खाली 'फक्त ल्युकोरिड्यूस्ड आणि इरॅडिएटेड, नातेवाइकांचं नाही' हे ठळक लिहून घ्या. ट्रान्सप्लांटनंतरही ही अट अनेक महिने चालू राहते, कधीपर्यंत ते तिथली टीम सांगेल. मधल्या काळात पाय घसरून पडला आणि जवळच्या कुठल्याही हॉस्पिटलात न्यावं लागलं, तर तिथल्या ड्युटी डॉक्टरला हे माहीत असण्याचा दुसरा कोणताही मार्ग नाही. त्या कार्डाचा फोटो आईच्या आणि काकांच्या फोनमध्येही ठेवा.